मनगट लुळं पडलं म्हणजे नस तुटलीच असं नाही

"दंडाचं हाड मोडून मनगट लुळं पडलं की समजायचं नस तुटली. ८ दिवसांत ऑपरेशन करून जोडली नाही तर हात कायमचा गेला. कोपर सरळ होतंय, बोटं हलतायत, तर मात्र नस चांगली आहे, काळजी नको."

लातुरात फिजिओथेरपी करताना हा मेसेज मला पेशंटच्या मोबाइलवर इतक्यांदा दिसलाय की आता सविस्तरच लिहिते.

आधी तुटण्याचं. दंडाच्या हाडाच्या मागच्या बाजूला एक तिरकी खोबण असते, स्पायरल ग्रूव्ह. मनगट वर उचलणारी रेडियल नस त्या वाटेने हाडाला लगटून खाली उतरते आणि कोपराच्या बाहेरच्या हाडापासून साधारण १० सेंटिमीटर वर स्नायूंमधला जाड पडदा भेदून पुढे येते. तिथे तिला सरकायला जागा नसते. म्हणून हाड मधोमध किंवा त्याच्या खाली पिळवटून मोडलं की तीच सापडते. पण कातडी फाटलेली नसेल तर बहुतेक वेळा नस ताणलेली किंवा चेंगरलेली असते, अखंड असते. अशांपैकी बहुतेकांची नस ऑपरेशनशिवाय परत काम करू लागते.

८ दिवसांची मुदत कुठून आली कळत नाही. पहिल्या आठवड्यात स्नायूंतले विजेचे संकेत मोजणाऱ्या ईएमजी तपासणीलासुद्धा नीट सांगता येत नाही की नस फक्त बधिर झालीय की आतले तंतू मेलेत. ती साधारण ३ ते ४ आठवड्यांनी करतात. सुधारणेचं काहीच चिन्ह नसेल तर नस उघडून पाहायचा विचार बहुधा ३ ते ४ महिन्यांनी होतो. घाई खरोखर लागते ती वेगळ्या पेशंटला: जखम उघडी आहे, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा हाड ओढून बसवण्याआधी मनगट उचलत होतं आणि नंतर पडलं. म्हणून हाडवैद्याकडे असो की दवाखान्यात, हाताला हात लावण्याआधी आणि नंतर मनगट वर होतंय का ते पाहाच. आधी पाहिलंच नसेल तर नस कधी गेली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आता शेवटचं वाक्य, जे मला सगळ्यात घातक वाटतं. कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला जाणाऱ्या बहुतेक फांद्या खोबणीच्या वरच निघतात, त्यामुळे खाली नस गेली तरी कोपर सरळ होतंच. आणि बोटांची पुढची पेरं सरळ करायला हाताच्या पंजातले छोटे स्नायू मदत करतात. ते अल्नर आणि मीडियन या हाताच्या दुसऱ्या दोन नसांवर चालतात. तेव्हा बोटं हलली म्हणून फसू नका. पंजा टेबलावर पालथा ठेवा आणि बोटं मुळापासून वर उचलायला सांगा, मग अंगठा वर करायला सांगा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोलगट भागाला मागून स्पर्श करा. तिथे बधिर असेल आणि उचलता येत नसेल, तर नसेला मार आहे.

शिवाय हाड एकाच जागी मोडत नाही. खांद्याजवळ मोडलं तर ॲक्झिलरी नस; मग मनगट ठीक राहतं पण हात बाजूला उचलत नाही. झाडावरून पडलेल्या लेकराचं कोपराच्या वर मोडलं, तर अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवायला सांगा. गोल जमत नसेल तर मीडियन नसेची फांदी दुखावलीय, आणि तिथे नाडीही आधी तपासावी लागते.

गेल्या खरिपात सोयाबीनची पोती भरताना ट्रॉलीवरून पडलेले एक दादा आले. हाड कोपराच्या १२ सेंटिमीटर वर मोडलेलं, कातडी शाबूत. म्हणाले, "ताई, पंजा वर येईनाच. गावात म्हणतेत, नस तुटली." सर्जनने प्लास्टर केलं, मी मनगट वर धरून ठेवणारी स्प्लिंट दिली आणि रोज बोटं, मनगट हाताने सरळ करायला शिकवलं, नाहीतर नस येईस्तोवर सांधे आखडतात.

मग हिशोब मांडला. तंतू मेले असतील तर ते मार लागलेल्या जागेपासून पुन्हा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. वाटेतला पहिला स्नायू कोपर वाकवणारा ब्रेकिओरेडियालिस, त्याची फांदी कोपराच्या किंचित वर. म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, १०० दिवस. ६३व्या दिवशी हस्तांदोलनाच्या स्थितीत कोपर वाकवायला लावलं आणि मी मनगटावर दाबून धरलं, तेव्हा त्यांच्या अग्रबाहूवर तो स्नायू दोरीसारखा उठला. इतक्या लवकर, म्हणजे बरेच तंतू जिवंतच होते, नुसते बधिरलेले. १३व्या आठवड्यात मनगट वर आलं. अंगठा सगळ्यात उशिरा, पाचव्या महिन्यात, आणि त्या दिवशी त्यांनी तो उचलून आधी बायकोला दाखवला, मग मला.