म्हणीतले शब्द न्यायचे की म्हण न्यायची?

"म्हण आली की शब्दाला शब्द लावा आणि खाली टीप द्या. रशियन म्हणीच्या जागी मराठी म्हण बसवली की त्यांची संस्कृती पुसली जाते. वाचक हुशार असतो, त्याला अर्थ आपोआप कळतो. आणि तसंही दोन भाषांतल्या म्हणी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, मग ओढूनताणून जुळवायच्या कशाला?"

ठाण्यातल्या आमच्या रशियन शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर हे पुन्हा फिरतंय आणि नवीन मुलं ते खरं मानून तसंच भाषांतर करून आणतायत, म्हणून सविस्तर लिहिते. मी रशियन-मराठी इंटरप्रिटिंग करते, त्यामुळे यातलं बरंचसं समोर घडलेलं आहे.

आधी वाचकाला आपोआप कळण्याबद्दल. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात पंपाची ट्रायल होती, रशियाहून इंजिनिअर आलेले. पंप चालू केला आणि दहा मिनिटांत सीलमधून पाणी गळायला लागलं. इंजिनिअर हसून म्हणाले, "पेर्वी ब्लीन कोमम." माझ्याबरोबर एक नवीन मुलगा होता, त्याने लगेच सांगून टाकलं, "ते म्हणतायत पहिला पॅनकेक गोळा झाला." शॉपमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि सुपरवायझर काका मला हळूच विचारतात, "मॅडम, नाश्त्याचं काही राहिलं का त्यांचं?" म्हणजे शब्द सगळे बरोबर होते, पण त्या माणसाने धीर दिला होता आणि तो धीर कुणापर्यंत पोचलाच नाही. ब्लीन म्हणजे पातळ, घावनासारखा पदार्थ, आणि तवा नीट तापलेला नसला की पहिला बिघडतो. मी म्हटलं, "काका, ते म्हणतायत पहिलं घावन तव्याला चिकटतंच." काका खुलले, "हां, मग सील बदलून परत लावू." ही काही छापील म्हण नाहीये, पण घरोघरी बोललं जाणारं वाक्य आहे आणि तिथे तेवढं पुरलं. टीप द्यायची म्हटलं तरी उभ्या उभ्या बोलताना टीप देणार कुठे? पुस्तकातसुद्धा संवाद रंगात आलेला असताना वाचकाला पानाच्या तळाला पाठवलं की संवाद तिथेच थंड पडतो.

आता संस्कृती पुसली जाते हा मुद्दा, ज्याने मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. २४ जुलै १९५९ ला मॉस्कोत सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकन प्रदर्शन सुरू झालं, तिथे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि तेव्हाचे अमेरिकन उपाध्यक्ष निक्सन यांची जोरात जुंपली. ख्रुश्चेव्ह म्हणाले आम्ही तुम्हाला "कूस्किना मात्" दाखवू, आणि इंग्रजीत ते कुझ्माची आई दाखवू असं शब्दशः गेलं, अमेरिकन लोकांना कळेना ही कोणाची आई आणि ती का दाखवणार. खरं तर हे बोलताना रशियन माणसाच्याही डोळ्यासमोर कुठली आई येत नाही, हा वाक्प्रचार नक्की कुठून आला यावर त्यांच्यातही एकमत नाही, त्याला फक्त दरडावणी ऐकू येते. आपल्याकडे याला अगदी जुळणारं आहे, "इंगा दाखवणे". इंगा म्हणजे नेमकं काय हे विचारा बघू चार जणांना, पटकन कोणी सांगू शकणार नाही, पण "थांब, दाखवतो इंगा" म्हटलं की अर्थ बरोबर लागतो. म्हणजे दोन्हीकडे चित्र विझलेलं आहे आणि दम तेवढा जिवंत आहे. अशा वेळी कुझ्माच्या आईला मराठीत आणलंत तर रशियन माणसाला जे दिसतच नाही ते तुम्ही मराठी वाचकाला दाखवताय, यात संस्कृती कुठली पोचली? म्हणून मी आधी एवढंच विचारते की मूळ भाषेतल्या माणसाला हे बोलताना चित्र दिसतं का. दिसत नसेल तर शब्द सोडून द्यायचे, बिनधास्त. "रबोता न्ये वोल्क, व ल्येस न्ये उबिझीत" म्हणजे काम काही लांडगा नाही, जंगलात पळून जायला. काम उद्यावर ढकलणारा माणूस मराठीत काय म्हणतो? "काम काय पळून जातंय का?" झालं, यात लांडग्यावाचून काहीच अडत नाही.

शेवटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. म्हणी तंतोतंत जुळत नाहीत हे बरोबर, पण त्यातून शब्दशः करा असं निघत नाही, नीट पारखून घ्या एवढंच निघतं. परत ब्लीनकडेच या. म्हणींच्या यादीत त्याच्यासमोर कोणीही "प्रथमग्रासे मक्षिकापातः" लिहील, दोन्हीकडे सुरुवात बिघडलेली आणि दोन्हीकडे खाणंच. पण आपल्या म्हणीत तक्रार आहे, पहिल्याच घासाला माशी पडली, आता पुढचंही काही खरं नाही. रशियन म्हणीत दिलासा आहे, पहिला बिघडतोच, पुढचे नीट होतील. रबाळ्याला मी माशी काढली असती तर काकांना वाटलं असतं पाहुणे आमच्यावर नाराज आहेत.

दुसरं उदाहरण, "लांडगेही जेवले आणि मेंढ्याही शाबूत". यादीत समोर असतं "सापही मरावा आणि काठीही तुटू नये". अर्थ जुळल्यासारखा वाटतो, पण एका मुलीने दोन भावांच्या वाटणीच्या प्रसंगात ही मराठी म्हण बसवून आणली, आणि त्या वाक्यात एक भाऊ साप झाला! मूळात दोन्ही बाजूंचं भागलं असं म्हणायचंय, आपल्या म्हणीत एकाला मारायचंच आहे. मी हे असं तपासते, सापडलेली म्हण त्याच प्रसंगात त्याच माणसाच्या तोंडी घालायची, मग कोण कोणाला काय म्हणालं ते साध्या मराठीत सांगून बघायचं, आणि नातं किंवा सूर बदललेला दिसला की ती म्हण बाजूला. इथे तर मी शब्दशःच घेतलं, "लांडग्याचं पोट भरलं आणि मेंढीही वाचली", कारण हे चित्र कोणालाही टीपेशिवाय समजतं. म्हणजे शब्दशः करायला माझी बंदी नाही, पण चित्र स्वतःहून बोलत असेल तरच.

आणि उलट दिशेने, मराठीतून रशियनमध्ये जाताना हेच जास्त जपावं लागतं. "गड आला पण सिंह गेला" ला मुलं पटकन "पिरोवा पबेदा" लावतात, पिऱ्हसचा विजय, इंग्रजीतही तोच आहे. पण पिऱ्हसचा विजय म्हणजे इतका महाग पडला की जिंकून उपयोग नाही. १६७० साली कोंढाणा घेतला तो उपयोगाचाच होता, दुःख आहे ते तानाजी गेल्याचं. त्यामुळे मी रशियनमध्ये गड आणि सिंह दोन्ही ठेवले आणि बोलणाऱ्याच्याच वाक्यात "तानाजी पडला तेव्हा महाराज म्हणाले तसं" एवढे शब्द आधी घातले, खाली टीप लागली नाही.