हात मागे, वस्तू पुढे!

किती वेळा तेच! सांगलीतल्या एका विक्रेत्याकडून शोपीस म्हणून छोटी सतार मागवली. फोटोत तळहाताच्या बाजूला ती चांगली वीतभर दिसत होती, हातात आली ती जेमतेम बोटाएवढी. फोटो पुन्हा नीट पाहिला, तर सतार कॅमेऱ्याजवळ आणि हात तिच्या बराच मागे! कॅमेऱ्यापासून वस्तू २० सेंटीमीटरवर आणि हात ३० वर असेल, तर हाताच्या तुलनेत वस्तू दीडपट दिसते. म्हणजे ८ सेंटीमीटरची सतार १२ ची वाटणार. ही चक्क फसवणूक आहे, मुद्दाम केलेली असो वा नसो.

अहो विक्रेत्यांनो, वस्तू तळहातावर टेकवून ठेवा, फोन हातभर लांब न्या आणि मग झूम करा. हातही लहान-मोठे असतात, म्हणून शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचंच असतं. एक रुपयाचं नको, त्याचा आकार बदलत आलाय. नाणं वस्तूला चिकटून, त्याच पातळीवर हवं. आणि खाली सेंटीमीटरमध्ये लांबी लिहायला काय जातं हो तुमचं?