८४ भागिले १०: एन्डोमेंट पॉलिसीचा दर असा निघत नाही

एन्डोमेंट पॉलिसीबद्दल, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीबद्दल, असा एक मेसेज फिरतो:

“वर्षाला ५० हजार, २० वर्षं. भरायचे फक्त १० लाख, मिळतात १८ लाख ४० हजार. फायदा ८४ टक्के! आपले पैसे सरासरी दहाच वर्षं अडकतात, म्हणजे वर्षाला ८.४ टक्के, तेही टॅक्स फ्री. दरवर्षी ४२ हजार बोनस जमा होतो, म्हणजे हप्ता जवळजवळ परतच. वरून १० लाखाचा विमा फुकट. एफडीवाल्यांनो, जागे व्हा. पुढे पाठवा.”

आकडे खोटे नाहीत. १० लाख विमा रक्कम, हजारी ४२ रुपये बोनस, म्हणजे वर्षाला ४२,००० आणि २० वर्षांत ८ लाख ४० हजार. मुदतपूर्तीला १८ लाख ४० हजार. अशी पॉलिसी असू शकते. त्या आकड्यांवर केलेलं गणित मात्र चुकलं आहे.

“सरासरी दहाच वर्षं”

हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरतात. त्यामुळे पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, दुसरा १९, शेवटचा एकच वर्ष. ही सगळी वर्षं मिळवली तर २१० होतात, २० हप्त्यांनी भागली तर साडेदहा. म्हणजे मेसेजवाल्याच्याच रीतीने ८४ भागिले १०.५, उत्तर ८ टक्के. पण ही किरकोळ चूक आहे, खरी मेख पुढे आहे.

हे ८ टक्के सरळव्याजाचे आहेत. आपल्याकडे गावात उसनवारी शेकडा दोन, शेकडा तीन अशी मुद्दलावरच बोलली जाते, म्हणून लातूर-परभणीकडे हा हिशोब लगेच पटतो. एफडी, पीपीएफ यांचा दर मात्र चक्रवाढीने सांगितलेला असतो. एकीकडे सरळ, दुसरीकडे चक्रवाढ, अशा दोन दरांची तुलना म्हणजे किलोची पायलीशी तुलना.

पडताळा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. ५०,००० ला १.०८४ ने गुणा. आलेल्या रकमेत पुढचे ५०,००० मिळवा, पुन्हा १.०८४ ने गुणा. असं २० वेळा केलं की सुमारे २५ लाख ९३ हजार येतात. खरोखर ८.४ टक्के मिळत असते तर हातात इतके पडायला हवे होते. कागदावर १८ लाख ४० हजार आहेत. साडेसात लाखांचा फरक हा गणितातल्या चुकीचा आहे.

आता तेच १.०५५ ने करून पाहा. पहिल्या वर्षाअखेर ५२,७५०. त्यात ५०,००० मिळवून गुणलं की १,०८,४०१. असं करत विसाव्या वर्षाअखेर १८,३९,३०४. पॉलिसीची रक्कम जवळजवळ तीच. म्हणजे खरा दर साडेपाच टक्के.

दरवेळी अंदाजाने दर धरून गुणत बसायची गरज नाही. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये कुठल्याही रिकाम्या घरात हे टाका:

```
=RATE(20,-50000,0,1840000,1)
```

यात २० म्हणजे हप्त्यांची संख्या. ५०,००० च्या आधीचं वजा चिन्ह म्हणजे पैसे खिशातून जातात. ते विसरलं तर उत्तराऐवजी चूक दिसते. शून्य म्हणजे सुरुवातीला वेगळी रक्कम भरलेली नाही. शेवटचा १ सर्वात महत्त्वाचा: हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला, असं तो सांगतो. तो गाळला तर शीट हप्ते वर्षाअखेर भरले असं धरते आणि ६ टक्के दाखवते. कुणी तुम्हाला ‘शीटवर काढून’ सहा टक्के दाखवले तर आधी हा १ आहे का ते बघा. आणि उत्तर नुसतं ५% किंवा ६% दिसत असेल तर त्या घरात दशांश स्थळं वाढवून घ्या.

आणखी एक: हप्त्याची रक्कम पावतीवरून घ्या. २०१७ च्या जुलैपासून २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा पॉलिसीवर पहिल्या वर्षी ४.५ टक्के आणि नंतर २.२५ टक्के जीएसटी लागत होता. वीसही वर्षं तो लागला असता तर पहिला हप्ता ५२,२५० आणि पुढचे ५१,१२५ होऊन दर ५.३ वर आला असता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे बहुतेक जुन्या पॉलिसींचा दर या दोहोंच्या मधे बसेल.

“दरवर्षी ४२ हजार बोनस जमा होतो”

जमा होतो म्हणजे नोंदवला जातो. खात्यात येत नाही. साधा प्रत्यावर्ती बोनस मुदतपूर्तीला किंवा मृत्यूनंतरच मिळतो, आणि त्यावर मधल्या काळात व्याज चढत नाही. पहिल्या वर्षाअखेर नोंदवलेले ४२,००० विसाव्या वर्षाअखेरही ४२,००० च असतात. एकोणीस वर्षांनी मिळणाऱ्या या रकमेची ६ टक्क्यांनी आजची किंमत काढली तर १३,९०० च्या आसपास येते. त्यामुळे “५० हजार भरले, ४२ हजार परत” यात आजचे रुपये आणि वीस वर्षांनंतरचे रुपये एकाच पोत्यात भरले आहेत.

बोनस हजारी सांगतात तोही हप्त्याच्या हजारावर नसतो, विमा रकमेच्या हजारावर असतो. शिवाय पुढच्या वर्षांचा बोनस कंपनीच्या नफ्यावर ठरतो. आजवर जाहीर झालेलाच तुमचा. हमी फक्त विमा रकमेची. पॉलिसी घेताना सही करून दिलेला लाभांचा तक्ता घरात असेल, तो काढा. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. गावोगाव “कंपनीनं आठ टक्के लिहून दिलंय” म्हणतात ते इथून आलेलं आहे. ते ८ टक्के कंपनीने आपल्या गुंतवणुकीवर कमावले असं गृहीत धरलेले असतात, तेही खर्च, कमिशन आणि विम्याची किंमत वजा व्हायच्या आधी. तुमचा दर तिथे टक्क्यात छापलेला नसतो. त्या रकान्यातली मुदतपूर्तीची रक्कम उचलून वरच्या सूत्रात घाला. दोन्ही रकाने घालून पाहिले म्हणजे अपेक्षा कुठपासून कुठवर ठेवायची ते कळतं.

“विमा फुकट” आणि “टॅक्स फ्री”

विमा फुकट नाही, पण त्याची किंमत परताव्यात धरावी लागते हेही खरं. हे पॉलिसीच्या बाजूनेच मोजू. तेवढंच १० लाखांचं निव्वळ मुदत विमा कवच वेगळं घेतलं असतं तर वर्षाला समजा ३,००० गेले असते. मग बचतीचा भाग ४७,००० उरतो. सूत्रात ४७,००० घातले की दर ६ टक्के येतो. विम्याचं माप पदरात टाकूनही सहाच.

पाचव्या वर्षी विमेदार गेला तर अडीच लाख भरून घराला १२ लाखांच्या वर मिळतात, हे नाकारायचं कारण नाही. फक्त ५० हजार हप्ता देणाऱ्या घराला १० लाखांचं कवच किती दिवस पुरेल, हा प्रश्न परताव्याच्या गणितात लपून जातो.

कराचं म्हणाल तर इथे हप्ता विमा रकमेच्या ५ टक्के आहे, म्हणून मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहते. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांवर गेला की ही सवलत साधारणपणे जाते. एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचे मिळून वर्षाचे हप्ते ५ लाखांवर गेले तरीही. पण पीपीएफसुद्धा करमुक्तच आहे. त्याचा दर सरकार तिमाहीला ठरवतं. एप्रिल २०२० पासून बराच काळ तो ७.१ टक्के राहिला आहे. तोच दर वीस वर्षं टिकला असं धरलं, दरवर्षी ५ एप्रिलच्या आत ४७,००० भरले आणि पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली, तर २० लाख ८६ हजारांच्या आसपास जमतात. भरतीवरची वजावट नव्या करप्रणालीत दोघांनाही नाही, जुन्या प्रणालीत दोघांनाही आहे. म्हणून ती पॉलिसीच्याच परताव्यात मिळवून दर फुगवणं बरोबर नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: हप्ता थांबला तर

साडेपाच टक्के हे वीसही हप्ते वेळेवर भरणाऱ्याला. हप्त्याची तारीख जूनमध्ये आणि पैसा येणार दिवाळीच्या आसपास सोयाबीन आडतीवर घातल्यावर, तेही पाऊस पडला तर. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी बंद पडते. समजा पाच हप्ते भरून पुढचे थांबले आणि पॉलिसी तशीच ठेवली. विमा रक्कम घटून १० लाखांच्या पाच-विसांश, म्हणजे अडीच लाख होते. पाच वर्षांचा बोनस २ लाख १० हजार. पुढचा बोनस नाही असं धरलं तर मुदतीअखेर ४ लाख ६० हजार.

इथे हप्ते सारखे नाहीत, म्हणून RATE चालत नाही. A1 पासून A5 पर्यंत -50000, A6 पासून A20 पर्यंत 0 आणि A21 मध्ये 460000 लिहा.

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर ३.४ टक्के. ते शून्य आळस न करता लिहायचेच. घरं रिकामी सोडली तर एक्सेल ती मोजतच नाही. पाचव्या हप्त्यानंतर लगेच पुढच्या वर्षी ४ लाख ६० हजार मिळाले असं समजतं आणि २१ टक्के दाखवतं. असा २१ टक्क्यांचा स्क्रीनशॉट दिसला तर शून्यांची चौकशी करा.

याच सूत्राने उलटंही निघतं. दहा हप्ते भरून झालेल्यांना हा लेख वाचून पॉलिसी मोडावीशी वाटेल, तर थांबा. भरलेलं विसरा, आता पुढचंच मोजा. शाखेतून आजचं समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी घ्या. ते समजा ४ लाख ४० हजार आहे. पॉलिसी चालू ठेवणं म्हणजे आज ही रक्कम तिथेच गुंतवणं, वर दहा हप्ते भरणं आणि शेवटी १८ लाख ४० हजार घेणं:

```
=RATE(10,-50000,-440000,1840000,1)
```

हा दर ८.८ टक्के येतो. सुरुवातीची वर्षं महाग पडून गेली, त्यांचा तोटा आधीच झाला आहे. उरलेली दहा वर्षं पीपीएफपेक्षा बरी निघतात. तीन हप्ते भरलेल्याचा आकडा वेगळा येईल, त्याने आपलं समर्पण मूल्य आणि उरलेले सतरा हप्ते घालून बघावं.