लग्न करून दिली म्हणून वंशावळीतनं पण काढायची काय?

लेकीनं शाळेच्या प्रोजेक्टला काढलेल्या फॅमिली ट्रीचा फोटो आज भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच एका काकांचा मेसेज, "गंगूआत्तीचं नाव कशाला घातलंय? लग्न करून दिलेली, ती आपल्या वंशात येत नाही." डोकंच फिरलं ओ.

हे नाव पाचवीतल्या पोरीनं शोधलंय, आम्ही मोठ्यांनी नाही. नावं पाहिजेत म्हणाली म्हणून मी जमिनीच्या कागदांची पिशवी दिली. त्यात नाडकचेरीतनं काढलेला वंशवृक्ष, वर माझे पणजोबा, खाली तीन मुलगे, झालं. तिनं तेवढं उतरवलं. मग एक जुना हक्कसोडीचा कागद काढून विचारते, "पप्पा, आज्जोंच्या सहीखाली हा अंगठा कुणाचा?" शेजारी लिहिलेलं, गंगूबाई, मयताची मुलगी, राहणार कोवाड. म्हणजे माझ्या आजोबांची सख्खी बहीण! घरात हे नाव मी कधी ऐकलेलं नाही.

आता बघा की. पणजोबा गेले तेव्हा 1956 चा वारसा कायदा आलेला, बापाच्या वाट्याला मुलगी पण वारस, म्हणून भावांना वर्दी घालायला तिचा अंगठा लागला. तेव्हा ती वंशात होती! अंगठा मिळाला, उताऱ्यावर भावांची नावं चढली, आणि पुढं कधीतरी वंशवृक्ष काढताना बाई गायब. सरकारला शिव्या घालू नका, अफिडेविट आपणच करून देतो, तलाठी येऊन पंचांना विचारतो आणि पंच कोण, तर आपल्याच गल्लीतले. जे सांगू तेच कागदावर येतं.

काका म्हणतात तसं एकरभर रानाचे तुकडे पडले तर कुणालाच पुरत नाही, मान्य. पण पोरीच्या तक्त्यात कुठं रान आहे? तिथं पेन्सिलीनं काढलेला एक चौकोन आहे फक्त. तो पण बघवत नाही?

आणि गंगूआज्जीचं लग्न झालं तेव्हा कोवाडचा चंदगड तालुका आपल्या बेळगाव जिल्ह्यातच होता. 1956 ला तो कोल्हापुरात गेला, ती तिथंच चुलीपुढं बसलेली आणि माहेर दुसऱ्या राज्यात. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणारे आम्ही, कोवाड किती लांब आहे ओ? येळ्ळूरला जत्रेला जातो, गोव्याला जातो, तिकडं कुणी फिरकलं नाही. काकांवर ओरडून तरी काय, त्यांना पण ती धड आठवत नसणार. फोन केला तर जरा वेळानं हळूच म्हणाले, लहानपणी ती भाताचं पोतं घेऊन जायला यायची बघ.

मग ते सांगायचं की आधी!

चौकोन राहणार, टीचरनं मार्क कापले तरी. रविवारी लेकीला घेऊन कोवाडला जातोय, काकांना पण गाडीत बसवतोय. तिकडं कुणाची ओळख असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, कारण कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव पुसट झालंय आणि आडनाव तर वाचताच येत नाही.