ढकला आणि ओढा

परवा एका इमारतीत शिरताना पाहिलं, तर एक गृहस्थ दाराशी झटत होते. दारावर ठळक अक्षरांत 'ढकला' लिहिलेलं आणि हे दोन्ही हातांनी ओढतायत. मला एकदम माझा एक जुना मित्र आठवला. कॉलेजची तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली आणि त्या काळात त्याने एकही दार पहिल्या फटक्यात उघडलेलं मला आठवत नाही. म्हटलं, त्याला कळवावं. शेवटचं बोलणं होऊन दीड वर्ष झालं होतं.

फोन काढला आणि लिहिलं, 'काय रे, कसा आहेस?' पाठवणार, तेवढ्यात मी स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघितलं. दीड वर्षानंतर कुणी 'कसा आहेस' विचारलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे किती हवेत? दुसरा, कोण गेलं? खुशाली विचारणारा निरोप हा पुढच्या निरोपाचा पायलट असतो, एवढं जगाने आपल्याला शिकवलेलं आहे. खोडलं.

मग लिहिलं, 'सहज आठवण आली.' हे 'सहज' फार लबाड. सहज आलेला माणूस 'मी सहज आलोय' असं दारातच जाहीर करत नाही; जाहीर केलं, की घरचे त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघू लागतात. तेही खोडलं.

तिसरा मसुदा भावनेच्या भरात वाहवला. 'खूप दिवस झाले, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं, माझंच चुकलं, पण तूही कधी...' इथे मी थांबलो. चार ओळींत मी माफी मागून, ती स्वतःच मंजूर करून, उलट त्याच्यावरच फिर्याद ठोकली होती. असा निरोप आला, की समोरच्याला आधी दीड वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. हिशेब कुणाला आवडतो? तो म्हणणार, रविवारी निवांत उत्तर देऊ. आणि तो रविवार काही येत नाही.

"राजीनामा लिहितोयस का?" बायकोने विचारलं. मी तोपर्यंत पाऊण तास फोनकडे बघत बसलो होतो.

"नाही, मित्राला दाराबद्दल कळवतोय."

"मग दाराबद्दलच लिही की."

वैताग असा, की तिचं बरोबर होतं. आठवण कशावरून आली हे मी तिन्ही मसुद्यांत शिताफीने वगळलं होतं, आणि निरोपात सांगण्यासारखं तेवढंच होतं. कारण दिसलं, की संशय जातो. दाराच्या आडून कुणी उसने पैसे मागत नाही.

धीर यावा म्हणून मी एक वाचलेली गोष्टही आठवून घेतली. २०२२ साली अमेरिकेतल्या पेगी लिऊ नावाच्या प्राध्यापिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १३ प्रयोगांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की आपला निरोप समोरच्याला किती आवडेल याचा आपला अंदाज कमी पडतो. आणि निरोप जितका अनपेक्षित, तितका हा अंदाज आणखी कमी पडतो. घेणारा त्या आश्चर्यानेच सुखावतो आणि पाठवणारा नेमकं तेच आश्चर्य हिशेबात धरत नाही. म्हणजे ज्या दीड वर्षाची मला लाज वाटत होती, ते माझ्याच बाजूने साक्ष द्यायला उभं होतं.

शेवटी लिहिलं: 'आज एक माणूस "ढकला" लिहिलेलं दार जीव खाऊन ओढत होता. थेट तूच आठवलास.' पुढे 'भेटू या एकदा' लिहायला बोट शिवशिवत होतं, पण आवरलं. त्या तीन शब्दांनी आठवणीचं कामकाज होतं. तारखा काढा, जागा ठरवा. प्रश्नचिन्हही ठेवलं नाही. प्रश्न नसला, की उत्तर दिलंच पाहिजे असं ओझं राहत नाही.

पाठवणार, तर रात्रीचे साडेबारा झाले होते. म्हणजे एवढं घासूनपुसून नैसर्गिक केलेलं वाक्य साडेबाराला पोचलं असतं, तर बिचारा दचकून अंथरुणात उठून बसला असता. आणि पाठवून मग डिलीट करणं तर त्याहून वाईट. मजकूर जातो, पण काहीतरी पुसल्याची पाटी मागे राहते, आणि पुसलेला निरोप कुणीही आपल्या मनाने भरून वाचतो. सकाळपर्यंत थांबलो. सव्वादहाला पाठवला आणि फोन उशीखाली दडपून आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर उत्तर आलेलं. 'सगळं ठीक आहे ना?'

मी लिहिलं, 'हो. फक्त दारच.'

मग दोन तास शांतता. मनात म्हटलं, संपलं, आपण लोचट ठरलो. तेवढ्यात फोन वाजला.

'त्या दाराला पट्टी होती की हँडल? हँडल असेल तर माणूस ओढणारच. चूक दाराची आहे. मी तीन वर्षं हेच सांगत होतो.'

आता मला त्या इमारतीत परत जाऊन हँडल बघून यावं लागणार आहे.