वार्षिक कराराचा प्रस्ताव आपल्या डोक्यातून नाही, क्लायंटच्या मेसेजमधून लिहायचा असतो

वेबसाइटचं काम संपलं, क्लायंट खूश झाला, आणि त्याच दिवशी मी वार्षिक देखभालीचा प्रस्ताव पाठवला. तीन पॅकेजेस, तिघांना छान नावं, खाली टक्केवारीतली सवलत. उत्तर आलं, "सध्या नको, लागलं की सांगू." असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मला वाटलं की अडचण किमतीची असणार. पण किमतीवर बोलणंच झालं नव्हतं. समोरच्याच्या मते काम झालं होतं. पुढे नेमकं काय लागणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी थांबले. क्लायंट म्हणजे दोन डॉक्टरांचं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक. साइट सुरू झाली, शेवटचं बिल चुकतं झालं, डॉक्टर मनापासून आभार मानून गेल्या. मी कराराबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त एक साधी शीट उघडली आणि पुढचे तीन महिने त्यांच्याकडून आलेली प्रत्येक विनंती त्यात लिहीत गेले: तारीख, काय हवं होतं, किती वेळ लागला, किती घाईचं होतं. या काळातल्या कामांची बिलं नेहमीप्रमाणे सुटी लावली.

तीन महिन्यांत 14 विनंत्या आल्या आणि त्यांना साडेनऊ तास लागले. वेळा बदलणं, नव्या सहकाऱ्याची माहिती टाकणं, एका उपचाराचं वेगळं पान करणं, असंच बरंचसं. एक विनंती मात्र गंभीर होती. चौकशीचा फॉर्म भरला की पेशंटला "धन्यवाद" दिसत होतं, पण मेल क्लिनिकच्या स्पॅममध्ये जाऊन पडत होते. आठवडाभर कुणालाही पत्ता नव्हता. एका पेशंटने फोन करून "तुम्ही उत्तरच दिलं नाहीत" म्हटल्यावर ते उघड झालं.

त्या साडेनऊ तासांतले दीड तास मी बाजूला काढले, कारण ती माझ्याच कामातल्या चुकांची दुरुस्ती होती. फॉर्मचं प्रकरणही त्यातच आलं, कारण मेल नीट पोचतात की नाही हे साइट देण्याआधी मीच तपासायला हवं होतं. त्याचं बिलही लावलं नव्हतं. या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे: आपल्या कामाची हमी ही करारात विकायची वस्तू नाही. पहिल्या कामातले दोष निस्तरायचे तास वार्षिक करारात मोजले, तर क्लायंट आपल्या चुकांचे पैसे भरतो. आज ना उद्या हे त्याच्या लक्षात येतंच.

उरले आठ तास. त्यात जे काम कुणी मागत नाही पण करावंच लागतं, तेही धरलं: सॉफ्टवेअर आणि प्लगइनचे अपडेट, बॅकअप, बॅकअपमधून साइट खरंच परत उभी राहते का याची चाचणी, आणि फॉर्म भरून मेल पोचतो का हे पाहणं. याला महिन्याला दीड तास, म्हणजे तिमाहीला साडेचार. बेरीज साडेबारा झाली. मी तिमाहीला 12 तास, वर्षाला 48 असा आकडा धरला.

मग एक पानाचा प्रस्ताव लिहिला. वरच्या अर्ध्या भागात त्यांच्याच 14 विनंत्यांची यादी आणि प्रत्येकीला लागलेला वेळ, खालच्या अर्ध्यात करार. पॅकेजेस नाहीत, पर्याय दोनच: हा करार, किंवा आतासारखंच सुटं काम. छोट्या क्लायंटला तीन पॅकेजेस दिली की तो आपली गरज विसरून त्या तिघांची तुलना करत बसतो.

दरात सवलत दिली नाही. अनेक जण इथे माझ्याशी सहमत होणार नाहीत. पण करार झाला की मी त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवते, दुसरं काम नाकारते. राखून ठेवलेला वेळ स्वस्त का असावा? सवलतीऐवजी मी प्रतिसादाची वेळ लिहून दिली: साइट किंवा फॉर्म बंद पडला तर त्याच कामाच्या दिवशी, बाकी कामं दोन दिवसांत. सुट्या कामात ही हमी नव्हती, जमेल तेव्हा करायचं असंच चाललं होतं.

भेटीत डॉक्टरांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच. "एखाद्या तिमाहीत आमचं काहीच काम निघालं नाही तर पैसे कशाचे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, साडेचार तासांची देखभाल तुम्ही फोन केला नाहीत तरी होणारच, आणि काय केलं ते दर महिन्याला लिहून कळवीन. बाकीचे तास उरले तर पुढच्या तिमाहीत वापरा. त्याच्या पुढे मात्र ते जाणार नाहीत."

ती शेवटची अट महत्त्वाची आहे. उरलेले तास कितीही काळ साठू दिले, तर वर्षअखेरीस वीस-बावीस तासांचं काम एकदम अंगावर येतं, आणि तोवर आपला वेळ दुसऱ्यांना दिलेला असतो. उलट तास महिन्याच्या महिन्याला बुडवले, तर क्लायंटला फसल्यासारखं वाटतं. छोट्या व्यवसायाचं काम सारखं नसतं, एक महिना शांतता आणि पुढच्या महिन्यात पाच मेसेज. म्हणून हिशोब तिमाहीचा.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. नवं काम, म्हणजे ऑनलाइन अपॉइंटमेंटसारखं काही, या तासांत बसणार नाही, त्याचा अंदाज वेगळा देईन. आणि डोमेन, होस्टिंग, सगळे पासवर्ड क्लिनिकच्याच नावावर राहतील; कुणालाही 30 दिवसांची सूचना देऊन करार थांबवता येईल. चाव्या आपल्या हातात ठेवून टिकवलेला क्लायंट मला नको.

तरी त्या लगेच वर्षाला तयार झाल्या नाहीत. मीच सुचवलं की एक तिमाही करून पाहू, पैसे तिमाहीच्या सुरुवातीला, पटलं तर उरलेलं वर्ष पुढे. त्याला लगेच हो म्हणाल्या. तिमाही संपताना पुढचं विचारायची वेळच आली नाही, पुढचं बिल त्यांनीच मागितलं.

पहिल्या तिमाहीत 11 तास लागले, दुसऱ्यात 7, त्यातला एक पहिलीतून उरलेला. अशा वेळी गप्प राहून पैसे घेत राहायचा मोह होतो, पण वापर निम्म्याच्या आसपास आला की मी स्वतः फोन करते. या वेळीही केला. उरलेले 6 तास पुढच्या तिमाहीत आले आहेत, काही मनात आहे का, असं विचारलं. त्यांना पेशंटसाठी व्यायामाची पानं करायची होती, "उगाच कशाला त्रास" म्हणून त्या थांबल्या होत्या. तिसऱ्या तिमाहीत 14 तास लागले, चौथीत 8.

प्रत्येकाशी असं जमत नाही. एका क्लायंटच्या शीटवर तीन महिन्यांत दोनच विनंत्या होत्या, मिळून तासाभराच्या, आणि साइटही अपडेट न लागणारी, अगदी साधी. त्यांना मी प्रस्ताव दिलाच नाही. तुम्हाला कराराची गरज नाही, लागेल तेव्हा बोलवा, असं सांगितलं. ते अजूनही बोलावतात.

क्लिनिकच्या वर्षाचा हिशोब 48 पैकी 40 तासांचा झाला. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी मी ती शीट डॉक्टरांना पाठवली आणि पुढच्या वर्षासाठी 40 तासांचा, म्हणजे आधीपेक्षा कमी रकमेचा प्रस्ताव दिला. शिल्लक 8 तास नियमाप्रमाणे नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत गेले. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "चालेल. अपॉइंटमेंटचं जे वेगळं काम म्हणाला होतात, त्याचाही अंदाज पाठवा."