सोडलेली गोळी अंगातच असते

‘भो, टेन्शनची गोळी चालू असली तरी लग्नात बसता येतं. त्या रात्रीची गोळी सोडायची, दोन पेग मारायचे, काही होत नाही. अंगदुखीची गोळी अन् अश्वगंधा तर कुणीबी घेतं, ते डॉक्टरले सांगायची काय गरज?’

लग्नाच्या मांडवात मिळणारा हा सल्ला तिन्ही बाबतींत चुकतो. आधी गोळी सोडण्याचं पाहू, कारण जास्त माणसं तिथंच फसतात. घबराटीसाठी आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या एका गोळीत दोन औषधं असतात: एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम. यातलं क्लोनाझेपाम अंगातून निम्मं व्हायलाच साधारण 30 ते 40 तास लागतात. समजा, रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी महिनाभर रोज रात्री दहाला ही एक गोळी घेतोय. आज त्याने ती घेतली नाही. तरी दहा वाजता मागच्या दिवसांचं साचलेलं मिळून साधारण दीड गोळीएवढं क्लोनाझेपाम त्याच्या अंगात असतं. ते जवळपास संपायला आठवडा जातो. म्हणजे पेग रिकाम्या अंगावर नाही, दीड गोळीवर पडतो.

क्लोनाझेपाम आणि दारू मेंदूतला एकच ब्रेक दाबतात. म्हणून परिणाम नुसता वाढत नाही, त्याचा अंदाजच राहत नाही. आधी तोल आणि आठवण जाते. माणूस बोलतो, गाडीही काढतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. पुढे श्वास मंदावतो, जीभ मागे पडते, उलटी श्वासनलिकेत जाते. ‘झोपलाय, झोपू द्या’ म्हणून मांडवातल्या खाटेवर उताणं टाकलेल्या माणसाचं हेच होतं. हलवून, हाक मारून उठत नसेल, घोरण्यात गुरगुर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास भरत असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी तोंडात घालू नका. तेच फुप्फुसात जातं.

उलट बाजूही आहे. दारूसाठी म्हणून बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद केली तर घबराट दुप्पट जोरानं येऊ शकते, कधी फीटही येते. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरच हळूहळू करतात.

आता अंगदुखी. सगळ्या गोळ्या एका तराजूत घालता येत नाहीत. त्याच शेतकऱ्याने कंबरेसाठी मेडिकलवरून ट्रॅमाडॉल असलेली गोळी आणली, तर ती क्लोनाझेपामबरोबर श्वास दाबते. शिवाय एस्सिटालोप्रॅमबरोबर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढवू शकते: घाम, जुलाब, थरथर, पाय झटकणं, अस्वस्थपणा, ताप. फीटचा धोकाही वाढतो. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनचं दुखणं वेगळं. एस्सिटालोप्रॅममुळे रक्त गोठवणाऱ्या पेशी जरा ढिल्या पडतात, या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि दारू त्यात भर घालते. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर पोटात रक्तस्राव झाल्याचं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल या औषधांबरोबर सहसा चालतं, पण रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला त्याचीही मर्यादा कमी, म्हणून तिथंही विचारूनच.

अश्वगंधेनं गुंगी येते, म्हणूनच तर लोक ती झोपेसाठी घेतात. ती क्लोनाझेपामच्या गुंगीत मिसळते आणि काही लोकांत तिच्यामुळे लिव्हरला सूज, कावीळ झाल्याची नोंद आहे. अश्वगंधारिष्ट असेल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा; आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो. चमचा-दोन चमच्यांत तो थोडाच, मी त्याला दारू म्हणणार नाही. पण ‘दारू सोडली’ म्हणणारा माणूस तेच अरिष्ट दिवसातून दोनदा घेत असेल, तर डॉक्टरला ते माहीत हवं.

डॉक्टर विचारतो तो तुमची चोरी पकडायला नाही, उत्तरावर प्रिस्क्रिप्शन बदलतं म्हणून. ‘थोडी घेतो’ने त्याला काही कळत नाही. ‘आठवड्यातून चार दिवस एक क्वार्टर’ असं सांगा. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली, 30 मिलीचे सहा पेग. मोहाची असेल तर तीही, ग्लासाच्या मापात. हे ऐकून तो क्लोनाझेपाम टाळेल, ट्रॅमाडॉलऐवजी दुसरं देईल किंवा पोटाची गोळी जोडेल. रोज पिणारा असाल तर दारूही एकदम सोडू नका, त्याला सांगून सोडा. अंगाची ती सवय तुटतानाही फीट येऊ शकते. सगळ्या स्ट्रिप, वैदूच्या पुड्या, तेलाच्या अन् काढ्याच्या बाटल्या एका पिशवीत टाकून न्या. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिपही चालते, फक्त नाव छापलेला तुकडा कापून टाकलेला नसावा.